आभाराच्या पत्रात नऊ वर्षांची चूक

प्रश्न: आमचं खानापूर तालुक्यात छोटं वाचनालय आहे. गेल्या रविवारी पुण्याच्या एका मॅडमनी आम्हाला मोडी लिपीवर ऑनलाइन व्याख्यान दिलं. जुन्या कागदातली तारीख आणि नावं कशी वाचायची, एवढाच विषय होता. मानधनही घेतलं नाही. आभाराचं पत्र लिहायचं काम माझ्याकडं आलंय, आणि अध्यक्ष म्हणतात की ऐकणारे काय शिकले याची छोटी टीप सोबत जोड. चॅटमध्ये तर सगळ्यांनी "खूप छान", "धन्यवाद मॅडम" आणि हात जोडलेली चित्रं एवढंच टाकलंय. यावरून टीप कशी लिहू?

उत्तर:

यावरून टीप लिहिता येणार नाही, आणि ओढूनताणून लिहूही नका. "खूप छान" यावरून मॅडमना एवढंच कळेल की लोक शेवटपर्यंत बसले होते. पण व्याख्यान रविवारी झालं म्हणजे वेळ अजून गेलेली नाही. तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. आज संध्याकाळी त्यावर तीन छोटे प्रश्न टाका, उद्या रात्रीपर्यंत उत्तरं मागा, परवा पत्र लिहा. आठवडा उलटला की लोकांना व्याख्यान ऐकल्याचं तेवढं आठवतं, ऐकलेलं आठवत नाही.

प्रश्न विचारताना "कसं वाटलं" आणि "काय शिकलात" हे दोन शब्दप्रयोग टाळा. पहिल्याला उत्तर "छान" असंच येतं. दुसऱ्याला लोक व्याख्यानाच्या जाहिरातीतलं वाक्य परत लिहून पाठवतात: "मोडी लिपीविषयी मोलाची माहिती मिळाली." त्याऐवजी काहीतरी करून दाखवायला सांगा. बेळगावात वाचनालयांच्या व्याख्यानमाला सांभाळत माझी बरीच वर्षं गेली. त्यात हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून ती चूक आधी सांगतो.

मोडीवरच्याच एका व्याख्यानानंतर मी मोठ्या उत्साहानं आभाराचं पत्र लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: "फसली सनात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, ही युक्ती आम्हाला आयुष्यभर पुरेल." पत्र वाचनालयाच्या फलकावर लावलं, वक्त्यांना पाठवलं, आणि एकानं त्याचा फोटो काढून गावभर फिरवला. तिसऱ्या दिवशी वक्त्यांचा फोन आला. माणूस फार सज्जन. म्हणाले, "मी असं बोललो असेन तर माझी जीभ घसरली म्हणायची, पण फलकावरचं तेवढं बदला." ते तसं बोललेच नव्हते. ५९९ त्यांनी शुहूर सनासाठी सांगितलं होतं, मी ते फसलीला चिकटवलं. त्यांच्या नावाखाली आमची चूक गावभर गेली आणि फोनवर शरमायची वेळ माझ्यावर आली.

मोडी शिकवणाऱ्याला ही गल्लत चांगली ठाऊक असते. पण तुमच्या वाचनालयातल्या सगळ्यांना नसेल, म्हणून थोडं खोलात सांगतो. तुमची टीप याच जागी घसरण्याचा धोका सर्वांत जास्त आहे.

मराठेशाहीतल्या कागदांवर वर्ष पुष्कळदा अंकात नसतं, अरबी शब्दांत असतं. "सन इहिदे सबैन मया व अलफ" असं काहीतरी. हा शुहूर सन. यात आधी एकक येतो, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. इहिदे म्हणजे १, सबैन म्हणजे ७०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. बेरीज ११७१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, आपला शेतकरी पेरणीच्या तयारीत असतो तेव्हा. त्यामुळं एकच शुहूर वर्ष दोन इसवी सनांत पसरतं. कागद मृगापासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. ११७१ म्हणजे १७७०-७१.

फसली म्हणजे महसुलाच्या हिशेबाचा सन. तोही आपल्या दख्खनेत मृगालाच बदलतो, म्हणून दोघं जुळी भावंडं वाटतात. पण दोघांत नऊ वर्षांचं अंतर आहे. शुहूर ११७१ म्हणजे फसली ११८०. म्हणून फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे. शकाशी ताळा घ्यायचा तर त्याच वर्षीचा शक १६९२, त्यात ७८ मिळवले की १७७०. तिन्ही वाटा एकाच सालावर आल्या की हिशेब बरोबर समजायचा.

नऊ वर्षांनी असं काय बिघडतं? आपल्याकडं बिघडतं. समजा कुणाच्या घरी इनामाचा कागद आहे आणि त्यावर फसली १२६० आहे. बरोबर हिशेबानं तो १८५०-५१ चा. ५९९ मिळवून वाचला तर १८५९ येतो. मुंबई इलाख्यात इनामांच्या चौकशीचा कायदा १८५२ साली झाला, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. म्हणजे तो कागद कायद्याच्या आधीचा की नंतरचा, हेच उलटं होतं. आपल्या भागात अशी गाठोडी माळ्यावर असलेली घरं कमी नाहीत, आणि मोडीच्या व्याख्यानाला माणसं येतात ती निम्मी त्या गाठोड्यासाठीच येतात.

आता माझं दुसरं उदाहरण, या वेळी नीट जमलेलं. तीन वर्षांमागं आम्ही असंच एक व्याख्यान ठेवलं. लिंकवर अडतीस जण होते. बेळगाव, निपाणी, खानापूर, आणि सीमेपलीकडचे चंदगडचे दोघे. संध्याकाळी ग्रुपवर हे टाकलं:

१. "सन इहिदे सबैन मया व अलफ" हे अंकात लिहा.
२. फसली १२६० म्हणजे इसवी सन कोणता?
३. "रामजी बिन सुभानजी" यातल्या "बिन"चा अर्थ काय?
आणि शेवटी: व्याख्यानातलं डोक्यावरून गेलेलं एक काहीतरी लिहा. नाव लिहायची गरज नाही, मला एकट्याला पाठवलं तरी चालेल.

शेवटची ओळ विसरू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर "मला कळलं नाही" असं कोण लिहील? खासगीत लिहितात, आणि टीपेसाठी सर्वांत उपयोगाचं तेच असतं.

एकवीस उत्तरं आली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सतरा जणांनी बरोबर दिलं. चुकलेल्या चौघांपैकी तिघांचं उत्तर ११०८ होतं. यावरून चूक कुठं झाली ते लगेच कळतं. सबा म्हणजे ७ आणि सबैन म्हणजे ७०, त्यांनी सबैनला सबा वाचलं. तिसरा प्रश्न सोळा जणांना आला: बिन म्हणजे मुलगा, रामजी हा सुभानजीचा मुलगा. एका गृहस्थांनी मात्र "रामजी, सुभानजीशिवाय" असं लिहिलं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आपल्या रोजच्या बोलण्यात बिनपगारी, बिनधास्त असंच बिन येतं.

दुसऱ्या प्रश्नानं माझे डोळे उघडले. एकवीस जणांत नऊ बरोबर, दोन कोरे, आणि तब्बल दहा जणांनी १८५९ लिहिलेलं. दहा माणसं एकच चुकीचं उत्तर देतात तेव्हा त्या सुट्या सुट्या दहा चुका नसतात, त्यामागं एकच कारण असतं. मी ध्वनिमुद्रण परत ऐकलं. वक्त्यांनी दोन्ही सन बरोबर सांगितले होते. पण दोन्हींचे आकडे एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी होते आणि ती स्लाइड अर्ध्या मिनिटात पुढं गेली. त्यातच जांबोटीकडच्या मंडळींचं नेटवर्क नेमकं तेव्हा गेलं होतं. पाऊस लागला की घाटाकडं हे ठरलेलंच. त्यांना "मृगाला सुरू होतो, ५९९ मिळवा" एवढं ऐकू आलं, कुठल्या सनात ते नाही.

अशा वेळी दोन मोह होतात. एक, दुसरा प्रश्नच टीपेतून गाळायचा आणि चांगले आकडे तेवढे पाठवायचे. दोन, वक्त्यांना कळवायचं की स्लाइड घाईत गेली. पहिल्यात खोटेपणा आहे आणि दुसऱ्यात उद्धटपणा. मी मधला रस्ता धरला. आधी ग्रुपवर दुरुस्ती टाकली: "शुहूरमध्ये नऊ मिळवा, फसली मिळेल. फसलीत ५९० मिळवा, इसवी मिळेल." दुसऱ्या दिवशी एकच नवा प्रश्न विचारला: फसली ११८० म्हणजे इसवी कोणता? या वेळी अठरा उत्तरं आली, सोळा बरोबर. मग पत्र लिहिलं. वक्त्यांचं नाव गाळून ते जसंच्या तसं देतो.

"आदरणीय मॅडम,
स.न.वि.वि.

रविवारी आपण आमच्या वाचनालयासाठी वेळ दिलात. आपण आणलेल्या तीन पत्रांपैकी दुसऱ्या पत्राचं वाचन आमच्या सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पानभर आधी शिरोरेघ ओढून घेतलेली, त्या रेघेला लोंबणारी अक्षरं, आणि दोन शब्दांत कुठंच जागा नाही. शब्द कुठं तोडायचा हे आपण मोठ्यानं विचार करत दाखवलंत. एखादा शब्द आपल्यालाही दोनदा वाचावा लागला. ते पाहून आमच्या मंडळींची भीती गेली.

आपल्या व्याख्यानानंतर आम्ही मंडळींना घरी सोडवायला तीन छोटे प्रश्न दिले. त्यांतून जे दिसलं ते कळवत आहे.

शब्दांतला शुहूर सन अंकात मांडणं एकवीसपैकी सतरा जणांना जमलं. तिघांनी सबैनला सबा वाचलं. 'बिन' म्हणजे मुलगा, हे सोळा जणांनी बरोबर सांगितलं.

शुहूर आणि फसली यांची मात्र आमच्याकडून गल्लत झाली. दहा जणांनी फसलीत ५९९ मिळवले. ध्वनिमुद्रण परत ऐकून, दोन सनांतलं नऊ वर्षांचं अंतर सांगून पुन्हा प्रश्न दिला, तेव्हा अठरापैकी सोळा उत्तरं बरोबर आली.

एक शंका आमच्याच्यानं सुटली नाही. पत्रात चंद्राची तारीख आणि महिना असेल, जसं 'छ ५ जिल्काद', तर ५९९ मिळवायचे की ६००, हे कसं ठरवायचं? सवडीनं दोन ओळींत कळवलंत तर सर्वांपर्यंत पोचवू.

आमच्यापैकी कुणाला अजून मोडी वाचता येत नाही. पण आता घरच्या कागदावरचं साल आणि नाव कुठं असतं, तेवढं तरी सापडतं.

आपला,
सचिव"

मॅडमचं उत्तर त्याच रात्री आलं. जिल्कादच्या शंकेला त्यांनी दिलेलं उत्तर सांगण्यासारखं आहे. हिजरी महिने चंद्रावर चालतात आणि दर वर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागं सरकतात. त्यामुळं जिल्काद नेहमी अमुक इंग्रजी महिन्यात येतो असं म्हणता येत नाही, त्या त्या वर्षीची जंत्री पाहावी लागते. शुहूर ११७१ मधला रजब १७७० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, म्हणून तिथं ५९९. त्याच शुहूर वर्षातला जिल्काद १७७१ च्या फेब्रुवारी-मार्चात पडतो, म्हणून तिथं ६००. वर्षाचे शब्द दोन्ही कागदांवर तेच, इसवी सन मात्र वेगळा. हे कळल्यावर आमच्या एका सभासदाच्या घरच्या दोन कागदांचा क्रमच बदलला.

पत्रातल्या काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या होत्या. पहिल्या परिच्छेदात व्याख्यानातला एक ठरावीक क्षण आहे. "आपल्या ओघवत्या वाणीने" असलं वाक्य कुठल्याही वक्त्याला लावता येतं, आणि ते वक्त्यालाही कळतं. दुसऱ्या पत्राचं वाचन, मोठ्यानं केलेला विचार, दोनदा वाचलेला शब्द, हे त्याच रविवारचं आहे. तुमच्या मॅडमच्या व्याख्यानातला असा एक क्षण आठवा. आठवत नसेल तर ग्रुपवर विचारा, कुणाला तरी आठवेलच.

गल्लतीचं वाक्य "आमच्याकडून गल्लत झाली" असं लिहिलंय. स्लाइडचा उल्लेख नाही. शिकवणारं माणूस दहा आणि सोळा हे आकडे वाचूनच काय समजायचं ते समजतं. नंतर कळलं की मॅडमनी पुढच्या व्याख्यानात दोन्ही सन वेगळ्या स्लाइडवर घेतले आणि मध्ये एक उदाहरण सोडवायला दिलं. आम्ही त्यांना तसं सुचवलं नव्हतं.

"मोडी वाचता येत नाही" हे वाक्य आमच्या अध्यक्षांना अजिबात पसंत नव्हतं. म्हणाले, "असं लिहिलं तर त्यांना वाईट वाटेल की." मी ठेवलंच. दीड तासात मोडी येत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, विरामचिन्हं नसतात, आणि लिहिणाऱ्यागणिक वळण बदलतं. नुसती मुळाक्षरं गिरवून हात बसायलाच काही आठवडे लागतात. "आता आम्ही सहज मोडी वाचतो" असं लिहिलं असतं तर आम्ही ऐकलंच नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी काढला असता.

टीप वेगळ्या कागदावर असावी का, असं तुमचे अध्यक्ष विचारतील. माझं मत नाही. पत्रातच घाला, पण तिचा वाटा अर्ध्यापेक्षा जास्त नको. सगळं मिळून एक पान. सोबत उत्तरांचा तक्ता, हजेरीची यादी, फोटो असलं काही जोडू नका. हजेरी तुमच्या वाचनालयाच्या फायलीत राहू दे, मॅडमना तिचा काय उपयोग?

घरच्या कागदांच्या बाबतीत सांभाळून राहा. व्याख्यान संपल्यावर दोघे-तिघे तरी घरच्या कागदाचे फोटो ग्रुपवर टाकतात आणि म्हणतात, "मॅडमना दाखवा की ओ." जमिनीचे, वाटणीचे, इनामाचे कागद असतात, भाऊबंदकी कधी कधी अजून चालू असते. आभाराच्या पत्रासोबत ते चिकटवू नका. ज्याचा कागद त्यानं स्वतः, मॅडमची परवानगी विचारून, वेगळा पाठवावा. टीपेत कुणाच्या कागदाचा उल्लेख करायचा असेल तर नाव आणि गाव गाळून "एका सभासदाच्या घरचा कागद" एवढंच लिहा. ध्वनिमुद्रणाचंही तसंच. ते ग्रुपवर ठेवायचं असेल तर आधी विचारा, आणि ते विचारणं आभाराच्या पत्रात नको. आभार मानता मानता परवानगी मागितली की नाही म्हणणं जड जातं.

मानधन घेतलं नाही, याचा उल्लेख पत्रात एका वाक्याहून जास्त करू नका. "आपण एकही पैसा न घेता" असं दोनदा लिहिलं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. आणि बेळगावकरांना कुंदा पाठवायचा मोह होतो, मलाही झाला होता. पुण्याला कुरिअरनं गेलेला खव्याचा पदार्थ कुठल्या अवस्थेत पोचेल याची खात्री कोण देणार? पुण्याला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्या हाती द्या.

मायना लिहिताना मॅडमच्या नावामागं "सौ." अंदाजानं लावू नका. डॉक्टरेट असेल तर "डॉ.", प्राध्यापक असतील तर "प्रा.", काहीच माहीत नसेल तर "श्रीमती". नाव त्या स्वतः कसं लिहितात ते त्यांच्याच मेलमध्ये बघा. आमच्या एका पत्रात आडनावातला "ळ" चुकून "ल" झाला होता. मोडी शिकवणाऱ्या माणसाला अक्षराची चूक सर्वांत आधी दिसते. तारखांचे आकडे पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, शक्यतो ज्याची उत्तरं बरोबर आली होती त्याच्याकडून. माझ्या पहिल्या पत्राचं असं कुणी तपासलं असतं तर फलकावरची फजिती टळली असती.

तुमच्याकडं कन्नड बोलणारे सभासद असतील, खानापूर तालुक्यात असतातच. त्यांची उत्तरं कन्नडमध्ये आली तर ती मोजणीतून गाळू नका. आमच्याकडं नंदगडकडच्या एका शिक्षिकेनं उत्तर कन्नडमध्येच दिलं होतं, सगळं बरोबर. सातबारा-उताऱ्याची कामं त्यांनाही पडतात, आणि १९५६ च्या आधीचं आपल्याकडचं कितीतरी दप्तर मराठीत आहे. पत्र मराठीतच लिहा, फक्त "कन्नडभाषक सभासदांनीही उत्तरं दिली" एवढं एक वाक्य घाला. पुण्यातल्या वक्त्यांना इथं कोण ऐकायला बसतं याचा अंदाज सहसा नसतो.

पुढच्या वेळेसाठी थोडं. तोंडी आभार दोन मिनिटांत संपवा आणि त्यात वक्त्यांचा परिचय पुन्हा वाचू नका, तो सुरुवातीला झालेला असतो. झूमचं फुकटचं खातं असेल तर बैठक चाळीस मिनिटांनी तुटते. मी स्वतः "मी संस्थेच्या वतीनं..." इथपर्यंत पोचलो आणि पडदा काळा झाला, असं दोनदा झालंय. म्हणून आभार शेवटच्या मिनिटावर ठेवू नका, किंवा दुसरी लिंक आधीच तयार ठेवा. चॅट बैठक चालू असतानाच सेव्ह करून घ्या. आणि ते तीन प्रश्न व्याख्यानाआधीच मॅडमना दाखवून ठेवलेत तर अजून चांगलं. त्यानंतरच्या एका व्याख्यानाच्या वक्त्यांनी तर त्यातला एक प्रश्न स्वतः बदलून दिला. म्हणाल्या, "शुहूर ११७१ नको, ते पुस्तकात सापडतं. ११७७ द्या, सबा सबैन येईल, मग कळेल कोण खरंच वाचतंय."